पत्त्याचे तीन तुकडे

‘कॅश साफ करा, फोन पळायला लागेल’ असं सांगणारे व्हिडिओ बघितले की हसू येतं. त्या बटणानं पुसल्या जातात त्या अ‍ॅपनं साठवलेल्या फायली. प्रोसेसरच्या पोटातली कॅश वेगळी: मेमरीतला नुकताच लागलेला मजकूर हाताशी ठेवणारी छोटी, वेगवान जागा. तिच्यातला जुना मजकूर दर क्षणी आपोआप पुसला जात असतो आणि कुठला पुसायचा हे मेमरीच्या पत्त्यातले मोजके बिट ठरवतात.

१९९२ चा अल्फा २१०६४ हा प्रोसेसर घेऊ. त्याची डेटा कॅश ८ किलोबाइट, म्हणजे ८१९२ बाइटची. मेमरीतून माल एकेक बाइट करून येत नाही, ३२ बाइटची अख्खी ओळ येते. ८१९२ भागिले ३२, म्हणजे ओळी २५६. ओळीतला नेमका बाइट सांगायला ५ बिट लागतात (२ चा पाचवा घात ३२), तो ऑफसेट. २५६ पैकी ओळ कोणती हे सांगायला ८ बिट, तो इंडेक्स. पत्ता ३४ बिटांचा, त्यामुळे उरलेले २१ बिट टॅग; ओळीत सध्या कोणत्या पत्त्याचा माल आहे हे त्यावरून कळतं.

```
offset = addr & 31
index  = (addr >> 5) & 255
tag    = addr >> 13
```

0x12345678 हा पत्ता यातून काढला तर ऑफसेट २४, इंडेक्स १७९ आणि टॅग 0x91A2 येतो. प्रोसेसर थेट १७९ व्या ओळीवर जातो. तिथे नोंदलेला टॅग 0x91A2 असेल आणि ओळ वैध असेल तर काम झालं. नसेल तर मेमरीतून नवी ओळ आणायची आणि तिथली जुनी हाकलायची. शोधाशोध नाही, एकच तुलना; वेग येतो तो यातून.

इंडेक्स पत्त्याच्या मधूनच का घेतात? वरचे ८ बिट घेतले असते, तर शेजारशेजारच्या सगळ्या ओळींचा इंडेक्स एकच आला असता आणि साधा अ‍ॅरे वाचतानाही प्रत्येक नव्या ओळीनं आधीचीला बाहेर काढलं असतं. मधले बिट घेतल्यामुळे लागोपाठच्या ओळी लागोपाठच्या जागी बसतात.

पण बरोबर ८१९२ बाइट अंतरावरच्या दोन पत्त्यांचा इंडेक्स एकच येतो, फरक फक्त टॅगमध्ये. आठ बाइटच्या १०२४ संख्यांचे दोन अ‍ॅरे `a` आणि `b` मेमरीत एकापाठोपाठ ठेवा आणि लूपमध्ये `a[i] * b[i]` वाचा. `a[0]` आपली ओळ आणतो, `b[0]` तिला हाकलतो, `a[1]` परत येऊन `b` ला हाकलतो. खरं तर एका ओळीत चार संख्या मावतात, म्हणजे चारातून एकदाच मेमरीकडे जायला हवं होतं. इथे मात्र प्रत्येक वाचन चुकतं, म्हणजे हवी ती संख्या कॅशमध्ये सापडत नाही, कारण त्या क्षणी दोन्ही अ‍ॅरे एकाच ओळीसाठी भांडत असतात. म्हणून नुसतं ‘कॅश भरली’ म्हणून चालत नाही. ओळखायची खूण अशी: दोन अ‍ॅरेंच्या मध्ये ३२ बाइट मोकळे सोडायचे. `b` चे इंडेक्स एकानं सरकतात आणि चुकलेली वाचनं एकदम चौथाईवर येतात.