छायाचित्रातला चंद्र मोठा करताना

पौर्णिमेच्या संध्याकाळी मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोरच्या मोकळ्या जागेत उभे राहून, बंदराच्या बाजूने वर येणाऱ्या चंद्रासह त्या वास्तूचे छायाचित्र घेतले, तर डोळ्यांना भव्य वाटलेला चंद्र छायाचित्रात एका पांढऱ्या ठिपक्याएवढा उरतो. मग त्या ठिपक्याच्या जागी मोठा, डागांसकट स्पष्ट दिसणारा चंद्र बसवण्याचा मोह होतो. संगणकावर हे काम काही मिनिटांत होते, पण असे बहुतेक चंद्र पाहताक्षणी चिकटवल्यासारखे वाटतात. त्यामागची कारणे प्रकाशाच्या आणि वातावरणाच्या नियमांत आहेत, आणि ती समजली की कुठे काय चुकले ते बोट ठेवून सांगता येते.

आधी आकाराचा हिशोब पाहू. चंद्राचा आकाशातील कोनीय व्यास साधारण अर्धा अंश असतो. दहा रुपयांचे नाणे तीन मीटर अंतरावर धरले, तर ते जेवढे दिसेल तेवढाच चंद्र दिसतो. पृथ्वीपासूनचे त्याचे अंतर कमीजास्त होत असल्यामुळे या व्यासात जास्तीत जास्त सुमारे १४ टक्के फरक पडतो. कॅमेऱ्याच्या संवेदकावर चंद्राची प्रतिमा लेन्सच्या नाभीय अंतराच्या सुमारे एकशेदहाव्या भागाएवढी उमटते. म्हणजे २४ मिमी लेन्सने ती ०.२२ मिमी भरते; ३६ मिमी रुंदीचा आणि आडव्या दिशेत ६००० पिक्सेल असलेला संवेदक असेल, तर चंद्राच्या वाट्याला जेमतेम ३६ पिक्सेल येतात. गेटवेची उंची २६ मीटर आहे. शंभर मीटरवरून त्याच लेन्सने ती वास्तू सुमारे १०४० पिक्सेल उंच दिसते, म्हणजे चंद्राच्या जवळजवळ २९ पट.

आता समजा, एखाद्याने वास्तूच्या उंचीच्या एक तृतीयांश एवढा, म्हणजे सुमारे ३५० पिक्सेलचा चंद्र बसवला. असे प्रमाण प्रत्यक्षात मिळू शकते, पण त्यासाठी वास्तूपासून जवळपास एक किलोमीटर मागे जाऊन लांब पल्ल्याची लेन्स लावावी लागते, कारण मागे गेल्यावर वास्तू लहान होत जाते आणि चंद्र मात्र तेवढाच राहतो. गेटवेच्या बाबतीत अडचण अशी, की जमिनीच्या बाजूला एवढे मागे सरकायला मोकळी जागाच नाही. मध्ये इमारती येतात. समुद्रातून एक किलोमीटरवरून वास्तू नक्की दिसेल, पण मग उगवता चंद्र आपल्या पाठीमागे असेल. शिवाय छायाचित्रात दहा मीटरवर उभा असलेला माणूस सातशे पिक्सेलच्या आसपास उंच दिसत असेल आणि त्यामागची २६ मीटरची वास्तू त्याच्या दीडपटच भरत असेल, तर कॅमेरा जवळ होता हे ती दोन प्रमाणेच सांगून टाकतात. म्हणून माझ्या मते जवळून घेतलेल्या रुंद दृश्यात चंद्र दुपटीपलीकडे नेऊ नये. क्षितिजाजवळचा चंद्र आपल्या मेंदूला मुळातच मोठा भासतो, त्यामुळे ७० पिक्सेलच्या आसपासचा चंद्र पाहणाऱ्याच्या आठवणीशी जुळतो आणि दृश्याच्या भूमितीलाही फार धक्का लावत नाही.

एक्स्पोजरचा प्रश्न याहून अवघड आहे. चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडक. आकाशात उंच असलेल्या पूर्ण चंद्राचे डाग नीट दिसायला आयएसओ १०० वर एफ/८ आणि सेकंदाचा अडीचशेवा भाग एवढे एक्स्पोजर पुरते. दिव्यांनी उजळलेली दगडी वास्तू मात्र त्याच आयएसओ आणि एफ/८ वर तीन-चार सेकंद मागते. दोन्हींत सुमारे हजारपट, म्हणजे दहा स्टॉपचा फरक आहे. याचा सरळ अर्थ असा, की वास्तू व्यवस्थित दिसणाऱ्या एकाच फ्रेममध्ये उंचावरच्या चंद्राचे डाग उमटूच शकत नाहीत. काळ्या आकाशात करड्या रंगाचा, सगळे डाग स्पष्ट असलेला चंद्र आणि खाली लख्ख वास्तू, ही जोडी म्हणूनच खोटी वाटते.

पण चंद्र क्षितिजाजवळ असेल, तर हा फरक बराच कमी होतो. पाच अंश उंचीवरच्या चंद्राचा प्रकाश माथ्यावरच्या चंद्राच्या मानाने सुमारे दहापट जाडीच्या हवेतून येतो. मुंबईसारख्या दमट, धुळकट हवेत त्यामुळे चंद्र सहज चार स्टॉपने मंद होतो. पौर्णिमेच्या आसपास सूर्यास्तानंतरच्या निळ्या संधिप्रकाशात वास्तूही अजून पूर्ण अंधारलेली नसते. अशा वेळी चंद्रावरचे डाग पुसट दिसणे खरे वाटते. बसवायचा चंद्र म्हणून जवळजवळ पांढरा ठेवावा: ० ते २५५ च्या मापावर उजळ भाग २३० च्या आसपास आणि डाग २०० च्या आसपास असले, तर डोळ्याला तो प्रकाश देणारा गोल वाटतो. डाग १०० पर्यंत गडद केले, की तोच चंद्र कागदावरच्या चित्रासारखा सपाट दिसू लागतो.

या सगळ्यात सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट आकाशाच्या उजेडाची आहे. शहराच्या दिव्यांचा आणि संधिप्रकाशाचा जो उजेड आपल्याला आकाशात दिसतो, तो आपल्या आणि चंद्राच्या मधल्या हवेत विखुरलेला असतो. चंद्र त्या उजळलेल्या हवेच्या पलीकडे आहे. त्यामुळे चंद्रबिंबावरच्या प्रत्येक बिंदूच्या प्रकाशात आकाशाचा प्रकाश मिळवला जातो, आणि बिंबाचा कोणताही भाग शेजारच्या आकाशापेक्षा गडद असू शकत नाही. दिवसा दिसणाऱ्या चंद्राचे डाग निळसर असतात ते याच कारणाने. उदाहरणादाखल चंद्राच्या उजळ भागाचा प्रकाश १००, डागांचा ५५ आणि आकाशाचा २० धरू. मिळवणीनंतर ते १२० आणि ७५ होतात. चंद्र खाली असल्यामुळे त्याचे आकडे ३० आणि १६ वर आले, तर मिळवणीनंतर ५० आणि ३६ उरतात. उजळ भाग आणि डाग यांतले मूळचे १.८ चे गुणोत्तर पहिल्या मिळवणीत १.६ आणि दुसऱ्या मिळवणीत १.४ पर्यंत घसरते. खालच्या चंद्राचे डाग पुसट दिसण्यामागे हा हिशोब आहे, आणि कॉन्ट्रास्ट वाढवून तो मोडला की चंद्र हवेच्या अलीकडे आल्यासारखा दिसतो.

कृतीत याचा अर्थ असा, की चंद्र कापून आकाशावर झाकणासारखा ठेवायचा नाही, तर त्याचा प्रकाश आकाशात मिसळायचा. फोटोशॉपमध्ये त्यासाठी चंद्राच्या थराला `Normal` ऐवजी `Screen` हा मोड द्यावा. त्याआधी जुना चंद्र पुसून घ्यायला हवा, कारण मिसळलेल्या प्रकाशाखालून तो वर येईल. आकाशाचा उजेड क्षितिजाकडे वाढत जातो, म्हणून पुसताना त्याच उंचीवरचे, डावी-उजवीकडचे आकाश घ्यावे. वरचे किंवा खालचे घेतले तर तिथे फिकट किंवा गडद डाग राहतो. एखादा तारा नव्या बिंबाच्या जागी येत असेल, तर तोही काढावा लागतो. चंद्र पूर्ण नसेल, तेव्हा त्याच्या अंधाऱ्या भागाआडही तारा दिसता कामा नये.

यानंतर उरते चंद्राभोवतीची प्रभा. मूळ छायाचित्रात ती छोट्या चंद्राभोवती जमलेली होती. पुसताना तिचा आतला, तेजस्वी भाग गेला आणि नवे बिंब नुसतेच, धारदार कडेने उभे राहिले. ती पुन्हा तयार करण्यासाठी बिंबाच्या तीन प्रती अस्पष्ट कराव्यात: पहिली बिंबाच्या व्यासाएवढ्या पसाऱ्याने, दुसरी तिप्पट आणि तिसरी आठपट, आणि प्रत्येक पुढची प्रत आधीच्या प्रतीपेक्षा बरीच फिकी ठेवून सर्व प्रती `Screen` नेच मिसळाव्यात. प्रभेचा रंग बिंबाच्या रंगाशी जुळायला हवा; तांबूस चंद्राभोवती निळसर वलय लगेच खटकते. इथेही एक मर्यादा आहे. बिंबाची पृष्ठतेजस्विता तीच ठेवून व्यास दुप्पट केला, की त्याचा एकूण प्रकाश चौपट होतो आणि प्रभाही चौपट प्रकाशाला साजेशी व्हावी लागते. दहापट व्यासाला शंभरपट प्रभा लागेल, आणि तेवढ्या प्रभेत त्या बाजूचे आकाश पुरते पांढरे होईल. पाण्यावरचा चंद्रप्रकाशाचा पट्टाही उजळ व्हायला हवा. मात्र त्याची रुंदी मुख्यतः लाटांच्या उतारावर ठरते, म्हणून चंद्राबरोबर पट्टा रुंद करत जाणे चुकीचे ठरते.

चंद्र गेटवेच्या मनोऱ्यालगत असेल, तर कडेपाशी आणखी बारकाईने पाहावे लागते. हवेत विखुरलेली प्रभा जवळजवळ सगळी वास्तूच्या मागे असते, कारण वास्तू आणि कॅमेरा यांच्यामध्ये फक्त शंभर मीटर हवा आहे. म्हणून ती प्रभा दगडाच्या कडेपाशी तुटली पाहिजे. लेन्सच्या काचांमध्ये विखुरणारा थोडासा प्रकाश मात्र दगडावरही सांडतो. सगळी प्रभा मुखवट्याने कापली तर कड कात्रीने कापल्यासारखी दिसते, आणि अजिबात कापली नाही तर दगड पारदर्शक वाटतो. अगदी फिकट अशी एकच प्रत मनोऱ्यावर जाऊ द्यावी.

चंद्राचे छायाचित्र निवडतानाही त्याच्या उंचीचा विचार हवा. मध्यरात्री उंचावर टिपलेला चंद्र पांढरा आणि गोल असतो, तर क्षितिजालगतचा पिवळा किंवा तांबूस असतो आणि प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे उभ्या दिशेत किंचित चपटा होतो. अगदी क्षितिजाला टेकलेला असताना हा चपटेपणा व्यासाच्या सहाव्या भागापर्यंत जातो. त्याशिवाय बिंब रात्रभर फिरत राहते. महाराष्ट्रात चंद्र उगवताना त्याची उत्तर बाजू डावीकडे कललेली असते, त्यामुळे टायको विवर आणि त्यातून फुटलेले पांढरे पट्टे उजव्या बाजूला दिसतात, आणि मारे क्रिसियम हा लहान गोल डाग वरच्या कडेजवळ असतो. दक्षिण आकाशात उंच असताना टायको खाली गेलेला असतो, आणि मावळताना तो डावीकडे असतो. उंचावरचा चंद्र उगवतीला बसवायचा, तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने साधारण ७० अंश फिरवावा लागतो.

काम झाल्यावर दोन तपासण्या पुरतात. पहिलीत चित्राचे गडद भाग तात्पुरते खूप उजळून पाहावेत. चंद्राच्या मूळ छायाचित्रातले आकाश अगदी शून्यावर आणलेले नसेल, ३ किंवा ४ एवढेच मूल्य उरले असेल, तरी त्या उजळणीत चंद्राभोवती चौकोन उमटतो. दुसरी तपासणी शंभर टक्के आकारात बिंब आणि आकाश शेजारी-शेजारी पाहण्याची. आयएसओ १०० वर लांब पल्ल्याच्या लेन्सने घेतलेले बिंब गुळगुळीत आणि धारदार असते, तर रात्रीच्या रुंद दृश्यात कणीदारपणा असतो. अशा वेळी बिंबाची कड एखाद्या पिक्सेलने मऊ करून त्यावर आकाशाएवढाच कण चढवला, की दोन्ही एकाच कॅमेऱ्यातून आल्यासारखी दिसतात.