तापाचं सिरप किती एमएल द्यायचं? वजनावरून डोस काढायची पद्धत, अटी आणि लागणारे कागद

मेडिकलच्या काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न म्हणजे, "दीड वर्षाचं बाळ आहे, किती एमएल देऊ?" याला सरळ उत्तर नसतं. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो, आणि किती एमएल हे हातात कोणती बाटली आहे त्यावर ठरतं. खालची माहिती मुख्यतः पॅरासिटामॉलची आहे, कारण घरी सगळ्यात जास्त वेळा तेच औषध दिलं जातं. शेवटी अँटिबायोटिकचं एक उदाहरण आहे. त्यात डॉक्टरांनी दिलेला डोस ताडून पाहायचा, स्वतः ठरवायचा नाही.

हा हिशेब कोणाला लागू आहे

मूल तीन महिन्यांपेक्षा मोठं असावं. त्याहून लहान बाळाला ताप आला तर हिशेब मांडत न बसता तडक डॉक्टरांकडे न्यायचं. दीड महिन्याच्या लसीनंतर नर्सने सांगितलेला डोस एवढाच अपवाद. यकृताचा आजार असलेलं, खूप कुपोषित किंवा उलट्या-जुलाबांनी सुकलेलं मूल असेल तरी हे गणित घरी वापरायचं नाही. अंगानं खूपच भरलेल्या मुलाचा डोस पूर्ण वजनावर काढला तर जास्त निघतो, तोही डॉक्टरांनाच विचारावा.

हाताशी काय ठेवायचं

आधी ताजं वजन. माता व बाल संरक्षण कार्डावर अंगणवाडीत किंवा लसीच्या वेळी केलेलं वजन लिहिलेलं असतं, पण ते दोन-तीन महिन्यांपूर्वीचं असेल तर पुन्हा करा. घरी डिजिटल काटा असेल तर आधी मुलाला कडेवर घेऊन उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. आई आणि बाळ मिळून ६८.४ किलो, आई एकटी ५६.९ किलो, म्हणजे बाळ ११.५ किलो. पुढची सगळी उदाहरणं याच बाळाची.

दुसरं, बाटली तिच्या खोक्यासकट. खोक्यावरचं नाव नको, मागच्या बाजूची बारीक अक्षरातली ओळ हवी: प्रत्येक ५ एमएलमध्ये पॅरासिटामॉल अमुक एमजी. त्या ओळीत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड दिसलं तर ते जोड औषध आहे, त्याला हे गणित चालत नाही. डेंग्यूचा संशय असताना तर ही दोन औषधं टाळायचीच असतात. सर्दीच्या सिरपची ओळही वाचा, त्यातही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतं आणि नकळत दुहेरी डोस जातो.

तिसरं, ५ एमएलची सिरिंज, सुईशिवाय. घरातला चमचा ५ एमएलचा असेलच असं नाही.

हिशेब

पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस किलोमागे १० ते १५ एमजी. आपण १५ धरू.

११.५ × १५ = १७२.५ एमजी.

हा आकडा कोणत्याही बाटलीला बदलत नाही, म्हणून तो आधी कागदावर लिहून ठेवा. आता बाटलीच्या ५ एमएलमधल्या एमजीला ५ ने भागा, म्हणजे एका एमएलमध्ये किती औषध आहे ते कळतं. मग १७२.५ ला त्या आकड्याने भागायचं.

५ एमएलमध्ये १२० एमजी असलेलं सिरप: एका एमएलमध्ये २४ एमजी. १७२.५ ÷ २४ = ७.१८, म्हणजे ७ एमएल.

५ एमएलमध्ये २५० एमजी असलेलं सिरप: एका एमएलमध्ये ५० एमजी. १७२.५ ÷ ५० = ३.४५, म्हणजे ३.४ एमएल.

ड्रॉप्स, एका एमएलमध्ये १०० एमजी: १.७ एमएल.

उत्तर नेहमी सिरिंजवरच्या खालच्या खुणेवर आणायचं, वरच्या नाही. ५ एमएलच्या सिरिंजवर बारीक खुणा ०.२ च्या असतात, म्हणून ३.४५ चे ३.४. ड्रॉप्स त्यांच्याच ड्रॉपरने मोजा.

बाळ तेच, ताप तोच, आणि उत्तरं ७, ३.४ आणि १.७. घोटाळा इथेच होतो. "मागच्या वेळी ७ एमएल दिलं होतं" हे लक्षात राहतं, बाटली मात्र या वेळी २५० ची आलेली असते. मग पोटात ३५० एमजी जातात, दुप्पट. आणि ड्रॉप्सच चुकून ७ एमएल दिले तर ७०० एमजी, म्हणजे किलोमागे ६० च्या वर. ही संपूर्ण दिवसाची मर्यादा एका घोटात. ड्रॉप्सची बाटली लहान म्हणून औषध सौम्य, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिघांत तेच सगळ्यात कडक. याच गोंधळापायी अमेरिकेत कंपन्यांनी २०११ साली बाळांचे वेगळे कडक ड्रॉप्स बंद करून ५ एमएलमध्ये १६० एमजी ही एकच ताकद ठेवायचं ठरवलं. तिकडून कोणी ॲसिटामिनोफेनची बाटली आणली असेल तर ते पॅरासिटामॉलच आहे. आपल्या बाळाला ते साधारण सव्वापाच एमएल होईल.

दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा तास. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. दिलेली वेळ खोक्यावरच लिहा. रात्री आईने एकला दिलेलं औषध बाबांनी दोनला पुन्हा देणं हा प्रकार आम्ही वरचेवर ऐकतो.

चिठ्ठीवर 'दर दिवशी' लिहिलं असेल तर

अँटिबायोटिकचा डोस बहुतेकदा दिवसाचा सांगतात. समजा डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड किलोमागे दिवसाला ४५ एमजी, दोन वेळांत विभागून, असं लिहिलंय. ११.५ × ४५ = ५१७.५, हा दिवसाचा आकडा. एका वेळचा २५८.७. हा दोनने भागायचा टप्पा विसरला की प्रत्येक वेळी दुप्पट जातं.

आता बाटलीवर मोठ्या अक्षरात २२८.५ असतं. ही २०० अमॉक्सिसिलिन आणि २८.५ क्लॅव्हुलॅनिक ॲसिड यांची बेरीज आहे. डोस मोजतात तो फक्त अमॉक्सिसिलिनवर. म्हणून ५ एमएलमध्ये २००, एका एमएलमध्ये ४०, आणि २५८.७ ÷ ४० = ६.४ एमएल. २२८.५ धरून केलं असतं तर ५.६ आलं असतं आणि औषध कमी पडलं असतं. पाच दिवसांना ६४ एमएल लागतील, तेव्हा ३० एमएलच्या दोन बाटल्या पुरणार नाहीत, तिसरी घ्यावी लागेल. पावडरच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी बाणाच्या खुणेपर्यंतच घालायचं. खुणेच्या वर गेलं तर वरचं सगळं गणित फुकट. चिठ्ठीवरच्या एमएलशी तुमचं उत्तर जुळलं नाही, तर डोस स्वतः बदलू नका, डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला फोन करा.

जास्त दिलं गेलं असं लक्षात आलं तर

पॅरासिटामॉल जास्त झालेलं मूल पहिला दिवस चांगलं खेळतं. यकृताला झालेली इजा कळायला एक-दोन दिवस जातात. म्हणून लक्षणांची वाट पाहायची नाही, उलटी काढायचा प्रयत्न करायचा नाही. बाटली, दिलेले एमएल, वेळ आणि मुलाचं वजन एवढं घेऊन लगेच मोठ्या रुग्णालयात जा. यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन नावाचा, आणि तो पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो.