एअरड्रॉप

एअरड्रॉप : नव्या आभासी चलनाच्या टोकनचा काही हिस्सा पैसे न घेता निवडक वॉलेट-पत्त्यांना देण्याची पद्धत. विमानातून रसद टाकण्यावरून हे नाव पडले. विक्रीने होणारे प्रारंभिक वितरण हा वेगळा प्रकार असून त्याचा आरंभ सामान्यतः २०१३ च्या मास्टरकॉइनपासून धरतात.

पहिला एअरड्रॉप कोणता, याविषयी एकमत नाही. काहीजण २०१० मधील ‘बिटकॉइन फॉसेट’पर्यंत मागे जातात. गॅविन अँड्रेसन यांच्या त्या संकेतस्थळावर येणाऱ्या प्रत्येकाला आरंभी ५ बिटकॉइन मिळत. पण ती मागेल त्याला भिक्षा होती; पात्र व्यक्तींची यादी आधी ठरलेली नव्हती. उलट, ऑगस्ट २०१७ मध्ये बिटकॉइन कॅश वेगळे झाले तेव्हा जुन्या धारकांना तितकीच नवी नाणी आपोआप मिळाली, म्हणून त्यालाही कोणी एअरड्रॉप म्हणतात. ते ब्लॉकचेनचे, म्हणजे व्यवहारनोंदींच्या साखळीचे, विभाजन मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पात्रांची आधी ठरलेली यादी आणि प्रत्येकाने आपला वाटा मागून घेणे, म्हणजे दावा, ही दोन्ही लक्षणे आइसलँडच्या ऑरोराकॉइनमध्ये प्रथम ठळकपणे दिसतात. २५ मार्च २०१४ पासून तेथील प्रत्येक रहिवाशाला राष्ट्रीय ओळखक्रमांकाच्या आधारे ३१.८ नाणी मागता येत होती. एकूण पुरवठ्याचा निम्मा भाग त्यासाठी आधीच काढून ठेवला होता. नाणी फुकट मिळाली, तसे अनेकांनी ती लगेच विकली आणि भाव कोसळला.

आजच्या रूढ पद्धतीचा नमुना मात्र युनिस्वॅपचा आहे. इथेरियम या ब्लॉकचेनवरील या विनिमय-मंचाची संगणकसंहिता उचलून ऑगस्ट २०२० च्या अखेरीस सुशीस्वॅप उभा राहिला, आणि स्वतःचे टोकन देऊन त्याने युनिस्वॅपमधील ठेवी मोठ्या प्रमाणावर ओढून नेल्या. सप्टेंबरच्या मध्यास युनिस्वॅपने UNI हे स्वतःचे टोकन आणले; हे त्या हल्ल्याला उत्तर होते, असे मानले जाते. एकूण १०० कोटी UNI पैकी १५ टक्के जुन्या वापरकर्त्यांसाठी होते. १ सप्टेंबरपूर्वी मंचावर व्यवहार केलेल्या २,५१,५३४ पत्त्यांना प्रत्येकी ४०० मिळायचे होते. व्यवहार फसलेले पत्तेही त्यात धरले होते. ठेवीदारांचा हिशेब निराळा होता. पहिल्या दिवशी सुमारे तीन डॉलर भाव धरला तर ४०० UNI म्हणजे १,२०० डॉलर. अमेरिकेतील त्या वर्षीच्या करोना-मदतीची रक्कमही नेमकी तेवढीच, त्यामुळे विनोद पुष्कळ झाले.

अडीच लाख पत्त्यांना एकेक करून टोकन पाठवायचे, तर शुल्कच अवाढव्य होते. म्हणून ‘मर्कल वृक्ष’ वापरतात. प्रत्येक पत्ता व त्याची रक्कम यांचा हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा सांकेतिक ठसा, काढायचा, दोन हॅश जोडून त्यांचा पुन्हा एक हॅश, असे वर चढत शेवटी ३२ बाइटचे एकच मूळ उरते. ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या संगणक-कार्यक्रमात, म्हणजे करारात, फक्त हे मूळ नोंदलेले असते. दावेदार `claim` हे फलन बोलावतो आणि आपल्या पानापासून मुळापर्यंतचे शेजारी हॅश पुरावा म्हणून देतो. अडीच लाखांच्या यादीला असे साधारण १८ हॅश पुरतात. मूळ जुळले की टोकन सुटते आणि ‘घेतले’ अशी खूण होते. साखळीचे शुल्क दावेदारच भरतो.

यादीत माणसे नसतात, पत्ते असतात. दोष येथूनच शिरतो. पन्नास पत्ते चालवणाऱ्याला पन्नास वाटे मिळतात. याला सिबिल हल्ला म्हणतात. एकाच पत्त्यातून निघालेले पैसे अनेक नव्या पत्त्यांत जाणे, त्यांनी त्याच क्रमाने व्यवहार करणे आणि शेवटी सर्व टोकन एकत्र येणे, यावरून असे एकाच हातातले पत्ते ओळखू येतात. युनिस्वॅपच्या बाबतीत उलटा अन्यायही झाला. मध्यस्थ ॲपच्या करारातून व्यवहार करणाऱ्यांचा स्वतःचा पत्ता यादीत आलाच नाही.

UNI हे मतदानाचे टोकन असल्याने वाटप म्हणजे सत्तेची विभागणी ठरली. संघ, गुंतवणूकदार व सल्लागार यांच्याकडे मिळून सुमारे ४० टक्के हिस्सा होता, तो चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मोकळा व्हायचा. ठराव मांडायला आरंभी एक कोटी UNI चे पाठबळ लागे, म्हणजे ४०० वाल्या २५,००० धारकांचे. त्यातही मताधिकार आधी स्वतःकडे किंवा दुसऱ्याकडे सोपवल्याशिवाय मत मोजले जात नसे. ऑक्टोबर २०२० मध्ये ही अट ३० लाखांवर आणण्याचा ठराव धर्मा या कंपनीने मांडला. पडलेली मते जवळजवळ सगळी बाजूने होती, पण आवश्यक चार कोटींना ती थोडक्यात कमी पडली. मध्यस्थ ॲपमधून आलेल्या वंचितांना वाटा देण्याचा नंतरचा ठरावही संमत झाला नाही.

वितरण-करारात दाव्याची मुदत नाही. न मागितलेले UNI त्यातच पडून राहतात.