नामांकित रेंज आणि नेम बॉक्स

एक्सेलमध्ये सेलच्या एखाद्या पट्ट्याला कायमचे नाव दिले की त्याला नामांकित रेंज म्हणतात. असे नाव देण्याची आणि पुढे त्या पट्ट्यावर थेट पोहोचण्याची सर्वांत जवळची जागा म्हणजे नेम बॉक्स. फॉर्म्युला बारच्या डाव्या टोकाला असलेल्या या लहान चौकटीत एरवी चालू सेलचा पत्ता दिसतो.

समजा, 40 विद्यार्थ्यांचे पहिल्या चाचणीचे गुण D2:D41 मध्ये आहेत. हा पट्टा निवडायचा, नेम बॉक्समध्ये क्लिक करून नाव टाइप करायचे आणि एंटर दाबायचे. एंटर न दाबता दुसरीकडे क्लिक केले तर नाव तयारच होत नाही.

नाव निवडताना एक फसगत हमखास होते. `GUN1` टाइप केले की नाव पडत नाही, उलट कर्सर उजवीकडे दूरच्या रिकाम्या भागात जातो. एक्सेलचे स्तंभ XFD पर्यंत असल्यामुळे GUN हा खराच स्तंभ आहे आणि `GUN1` हा त्यातल्या पहिल्या सेलचा पत्ता ठरतो. `GUN_1` मात्र चालते. नावात मोकळी जागा चालत नाही, सुरुवात अंकाने करता येत नाही आणि लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जात नाही.

आता वर्कबुकमधल्या कोणत्याही शीटवरून नेम बॉक्समध्ये `GUN_1` लिहून एंटर दाबले, किंवा बाजूच्या बाणाच्या यादीतून ते निवडले, तरी पूर्ण पट्टा निवडलेला समोर येतो. सूत्रही वाचनीय होते:

```
=AVERAGE(GUN_1)
```

खरी अडचण यादी वाढते तेव्हा येते. पट्ट्याच्या मधे ओळ घातली तर रेंज आपोआप वाढते, पण 41व्या विद्यार्थ्याचे गुण खाली D42 मध्ये लिहिले तर ते नावाच्या बाहेरच राहतात. सरासरी चुकते आणि एक्सेल त्रुटीही दाखवत नाही. म्हणून अधूनमधून यादीतून नाव निवडून निवडीची खालची कड कुठे थांबते ते पाहावे. ही तपासणी क्षणभराची आहे.

दुरुस्ती मात्र नेम बॉक्समधून होत नाही. D2:D42 निवडून पुन्हा `GUN_1` टाइप केले तर नाव आधीच असल्याने एक्सेल निवड जुन्या D2:D41 वर नेऊन ठेवतो. अनेकांना इथे काम झाले असेच वाटते. त्यासाठी Ctrl+F3 ने नेम मॅनेजर उघडावा, नाव निवडावे आणि खालच्या Refers to चौकटीतला पत्ता बदलावा. शीटचे नाव Sheet1 असेल तर तो असा होईल:

```
=Sheet1!$D$2:$D$42
```

एकदाच लागणाऱ्या निवडीसाठी नावाची गरज नाही. नेम बॉक्समध्ये `A2:A5000` लिहून एंटर दाबले की माउस न ओढता तेवढा पट्टा निवडला जातो.