मार्चअखेर 'मेलेले' पॉइंट जूनमध्ये उठतात

दारव्हा-आर्णी भागातल्या कृषी केंद्रात सरकीची पाकिटं किंवा फवारणीचं औषध घेतलं, की काउंटरवरचा माणूस मोबाइल नंबर विचारतो. समजा, शंभर रुपयांमागे एक पॉइंट मिळतो आणि पुढच्या बिलात त्याची एक रुपया सूट. दुकान मोठ्या कंपनीच्या साखळीतलं असेल, तर हा रुपया कंपनीचं देणं ठरतो. २०१८ पासून लागू असलेलं इंड-एएस ११५ हे लेखामानक सांगतं, की विक्रीतला पॉइंटच्या वाट्याचा भाग आज उत्पन्नात धरू नका. पॉइंट वापरले जातील तसा धरा.

सगळे पॉइंट काही कोणी वापरत नाही. मग देणं किती दाखवायचं? खरी मारामारी इथेच असते.

धरून चालू, की खरिपात पन्नास लाखांची विक्री झाली, ५०,००० पॉइंट वाटले आणि त्यांची मुदत दोन वर्षं आहे. ३१ मार्चपर्यंत १४,००० वापरले गेले. व्यवस्थापक म्हणतो, "नऊ महिन्यांत एवढेच आले, अजून फार तर सहा हजार येतील. चाळीस टक्के धरा, साहेब." ऐकायला पटतं. पण कोरडवाहू शेतकरी दुकानाची पायरी चढतो तो मुख्यतः पेरणीच्या तोंडावर. यंदाच्या जूनचे पॉइंट तो पुढच्या जूनमध्ये बियाण्याच्या बिलात वळते करतो. हिशेबाचं वर्ष नेमकं त्याच्या आधी संपतं.

म्हणून ऑडिटर एकूण शिल्लक बघून थांबत नाही. पॉइंट ज्या महिन्यात दिले, त्या महिन्याचा गट करून तो मुदत संपेपर्यंत तपासतो. समजा, जुन्या खरीप गटांत पहिल्या मार्चपर्यंत २८ टक्केच वापर झाला होता, पण मुदतीअखेर तो ७० टक्क्यांवर गेला. म्हणजे ३५,००० पॉइंट येणार. पन्नास लाखांची मालाची किंमत आणि पॉइंटचे ३५,००० या प्रमाणात वाटणी केली, की पॉइंटच्या वाट्याला सुमारे ३४,७५७ रुपये येतात. त्यातले १४,००० पॉइंट वापरून झाले, म्हणजे दोन पंचमांश रक्कम उत्पन्नात गेली. उरलेले सुमारे २०,८५४ रुपये देणं. व्यवस्थापकाच्या चाळीस टक्क्यांनी हेच देणं सहा हजारांच्या आत आलं असतं आणि दोन्ही देण्यांतल्या फरकाएवढा नफा फुगला असता.

या टक्क्यावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. नंबर न देणाऱ्या गिऱ्हाइकाचे पॉइंट काउंटरवरचा माणूस स्वतःच्या नंबरवर चढवू शकतो. ते ओळखायला एकाच नंबरवरची बिलं काढायची: एकाच दिवशी पाच गावच्या गिऱ्हाइकांची खरेदी, किंवा फवारणी नसताना ऐन एप्रिलमध्ये वापर. असे नंबर सापडले, की पॉइंट गोठवेपर्यंत देण्यातून ते वगळू नयेत, कारण तोवर ते वापरले जाऊ शकतात. गोठवल्यावर मात्र त्यांचा वापर जुन्या गटांतून काढून टक्केवारी नव्यानं काढावी लागते, नाहीतर पुढच्या वर्षीचा अंदाज चढाच येतो.