मऊ चेंडू आणि डोळ्याची खोबण

बारा वर्षांच्या ओमला (हे त्याचे खरे नाव नाही) ज्या चेंडूने इजा केली, तो साधा टेनिसचा चेंडू होता. आखूड टप्प्याचा चेंडू त्याने पुल करायला घेतला, बॅटच्या वरच्या कडेला लागून तो उसळला आणि थेट उजव्या डोळ्यावर आला. बॅटपासून डोळ्यापर्यंतचे अंतर जेमतेम अर्धा मीटर. चेंडूचा वेग ताशी ७२ किलोमीटर धरला, तर हे अंतर कापायला त्याला सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतो. पापणी पुरती मिटायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो, त्यामुळे डोळा मिटून घेण्याची संधीच त्याला मिळाली नाही.

माझ्याकडे आणताना त्याचे वडील वाटेतही आणि दारातही एकच म्हणत होते, "डॉक्टर, बॉल मऊ होता हो." त्यांचा समज चुकीचा असला तरी स्वाभाविक आहे. सीझन बॉलचे वजन सुमारे १६० ग्रॅम, टेनिसच्या चेंडूचे ५८ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे सारख्याच वेगाने आलेल्या टेनिसच्या चेंडूत निम्म्याहूनही कमी ऊर्जा असते. तरीही वरच्या वेगाला ती १२ जूलच्या जवळ जाते. एक किलो साखरेची पिशवी सव्वा मीटरवरून पडली तर जेवढा दणका बसेल, तेवढाच हा.

मऊपणा इथे उलट का बाधतो, ते हाडांकडे पाहिले की कळते. डोळ्याच्या खोबणीचे तोंड साधारण चार सेंटिमीटर रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर उंच असते. सीझन बॉलचा व्यास सात सेंटिमीटरहून थोडा अधिक. तो टणक असल्याने भुवईचे हाड आणि गालाचे हाड त्याला बऱ्याच अंशी बाहेरच अडवतात आणि मार स्वतःवर घेतात. अशा वेळी हाड मोडू शकते, डोळ्यालाही गंभीर इजा होऊ शकते, पण माराचा वाटा विभागला जातो. टेनिसचा चेंडू आकाराने थोडाच लहान असतो, मात्र आदळताच तो चपटा होतो आणि हाडांच्या कडांमधून त्याचा फुगलेला भाग आत घुसतो. हाडांनी अडवायचे ते डोळ्याच्या गोळ्यावर येते.

ओमच्या डोळ्यात नेमके हेच घडले होते. समोरून दाबला गेलेला डोळा क्षणभर पुढून-मागे आखडतो आणि मधोमध फुगतो. या ताणाने बुबुळाच्या मुळाशी असलेल्या सिलिअरी बॉडी नावाच्या स्नायूमय भागात चीर पडते आणि तिथली रक्तवाहिनी फुटते. तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याच्या पुढचे पारदर्शक पारपटल आणि रंगीत बुबुळ यांच्यामधल्या पोकळीत तळाशी लाल रेघ दिसत होती. बाटलीत काकवी बसावी तसे रक्त खाली बसले होते. याला हायफीमा म्हणतात. पोकळीचा तिसरा हिस्साही भरलेला नव्हता, ही त्यातली चांगली गोष्ट. डोळ्याचा दाब मात्र ३० होता; तो साधारण १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका असायला हवा. डोळ्यातले पाणी ज्या जाळीतून झिरपून बाहेर जाते, तिच्यात रक्तपेशी अडकल्या की असे होते.

हायफीमामध्ये पहिला दिवस जेवढा भीतीचा, तेवढाच तिसरा-चौथाही. फुटलेल्या वाहिनीच्या तोंडाशी जमलेली गुठळी दोन ते पाच दिवसांच्या दरम्यान आक्रसते आणि विरघळू लागते. तिथेच पुन्हा रक्त सुटले, तर ते अनेकदा पहिल्यापेक्षा जास्त असते. म्हणून त्याला बाहुली रुंद ठेवणारे, सूज कमी करणारे आणि दाब उतरवणारे असे थेंब दिले, डोळ्यावर कडक ढाल बसवली आणि झोपताना उशा रचून डोके उंच ठेवायला सांगितले, म्हणजे रक्त खालीच बसून राहील. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन रक्तस्राव वाढवू शकतात म्हणून टाळले. घरी आजीने गुलाबपाण्याची बाटली काढून ठेवली होती. ती तशीच परत कपाटात गेली, हे तिचे मोठेपण. मार बसलेल्या डोळ्यावर दाबून बर्फ ठेवणे, डोळा चोळणे, त्यात काहीही घालणे टाळावे. डोळ्याला न टेकता कागदी पेल्याचा तळ वरून चिकटवून नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

सहा दिवसांत रक्त ओसरले आणि दाब १६ वर आला. मागचा पडदा बाहुली मोठी करून आधीच पाहिला होता. पण त्याच्या कडेचे बारीक निरीक्षण करताना डोळ्यावर दाब द्यावा लागतो, म्हणून ते आणि पारपटल व बुबुळ जिथे मिळतात त्या कोनाची तपासणी काही आठवड्यांनी केली. पडदा शाबूत निघाला. कोनात मात्र साधारण पाव वर्तुळभर चीर पडल्याचे दिसले. ही चीर बुजत नाही. ती अर्ध्या वर्तुळाहून मोठी असेल, तर काचबिंदूचा धोका जास्त असतो, आणि तो कधीकधी कित्येक वर्षांनी, काहीही न दुखता उद्भवतो.

दीड महिन्याने प्रश्न आला तो मैदानाचा. आई ठाम नाही म्हणत होती आणि ओमच्या चेहऱ्यावर मनाई ऐकण्याची तयारी अजिबात नव्हती. गॉगल घालून खेळू द्यावे, असे माझे मत पडले, पण गॉगल कोणता यावर आम्ही बराच वेळ घालवला. बाजारातला उन्हाचा गॉगल उपयोगाचा नाही; साध्या प्लॅस्टिकची किंवा काचेची लेन्स फुटली तर तिचेच तुकडे डोळ्यात जातात. लेन्स पॉलिकार्बोनेटची हवी आणि मधोमध किमान दोन-तीन मिलिमीटर जाड. त्याहून महत्त्वाची तिची चौकट. मागच्या बाजूस कड असावी, म्हणजे आघाताने लेन्स आतल्या बाजूस निसटणार नाही. आणि भुवई, नाक व गालाच्या हाडांवर गादी टेकली पाहिजे, कारण चेंडूचा मार तिच्यातून हाडांवर वाटला जातो. टेनिसच्या मऊ चेंडूने जे हाडांना टाळले, ते गॉगल पुन्हा हाडांवर आणून सोडतो. नुसती चौकट असलेले, लेन्स नसलेले गॉगल म्हणूनच निरुपयोगी. मऊ चेंडू त्यांच्या फटीतून घुसतो. परदेशी गॉगल घेताना एएसटीएम एफ ८०३ हे अमेरिकी मानक लिहिले आहे का ते पाहता येते.

सीझन बॉलसमोर फलंदाजी करताना गॉगल हेल्मेटच्या जाळीची जागा घेत नाही, आणि यष्टिरक्षकालाही जपायला हवे. २००० साली ढाक्यात आशिया चषकात अनिल कुंबळे यांचा चेंडू भारताचे यष्टिरक्षक सबा करीम यांच्या उजव्या डोळ्याला लागला. त्याच वर्षी ते एक कसोटी खेळले, पण त्यांची कारकीर्द त्यापुढे फार गेली नाही.

ओमने पहिले दोन आठवडे फक्त नेट्समध्ये गॉगल घातला. चौकटीची कड दिसत राहते म्हणून त्याला डोके थोडे जास्त वळवावे लागे, आणि उजवी बाहुली अजून किंचित मोठी राहिल्याने दुपारच्या उन्हात तो डोळे बारीक करी. त्यासाठी फिकट करड्या रंगाची लेन्स घेतली. दमट दिवसांत काच धुरकटली की तो ती जर्सीने पुसायचा, आणि पॉलिकार्बोनेटवर लगेच बारीक चरे उमटले. आता षटकांच्या मध्ये तो बाटलीतले पाणी ओतून ती धुतो आणि मऊ कापडाने टिपतो. दर वर्षी दाब तपासायचा महिना त्याच्या आईने गॉगलच्या डबीच्या झाकणावर आतून मार्करने लिहिला आहे: ऑक्टोबर, नव्या हंगामाच्या आधी.