सरासरी व्हेलॉसिटीने भागलं की रिलीजची तारीख मिळते?

"उरलेले पॉइंट भागिले सरासरी व्हेलॉसिटी, झाली की रिलीजची तारीख, बरोबर ना?"

नाही हो, आणि याच हिशोबावर तारखा कबूल होतात याचं खरंच वाईट वाटतं. व्हेलॉसिटी म्हणजे टीम एका स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्यात, जेवढे कामाच्या अंदाजाचे पॉइंट संपवते तो आकडा. समजा 160 पॉइंट उरलेत आणि मागच्या 6 स्प्रिंटमध्ये 19, 31, 23, 28, 21, 28 झाले, म्हणजे सरासरी 25, भागून आले 7 स्प्रिंट. पण बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत, दर स्प्रिंटला साधारण 5 पॉइंट नवीन येत असतील तर बर्नडाउन, म्हणजे उरलेल्या कामाची रेघ, खरं 20 नेच खाली येते, मग लागतात 8. आता सगळ्यात कमी तीन आकडे घ्या, सरासरी 21, त्यातून 5 वजा, उरले 16, म्हणजे 10 स्प्रिंट! वरचे तीन घेतले तर सरासरी 29, वजा 5, तरी 7 लागतातच. म्हणजे ती पहिली "सरासरी" तारीख खरंतर सगळं छान गेलं तरची आहे, म्हणून 7 ते 10 अशी रेंजच सांगा.

टीम काम संपवतेय तरी बर्नडाउनची रेघ आडवी दिसते? मग स्कोप वाढतोय, झालेलं काम आणि एकूण स्कोप अशा दोन वेगळ्या रेघा काढा, लगेच दिसेल.